ताटाचा पूर्ण हिशेब: अन्नछत्रांच्या अंदाजपत्रकाविषयी धर्मादाय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: विनामूल्य अन्नछत्रे चालवणाऱ्या सार्वजनिक न्यासांच्या वार्षिक अंदाजपत्रकात शिधा, इंधन, सेवेकरी आणि वस्तुरूप देणगी यांची स्वतंत्र नोंद करण्याबाबत

महोदय,

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ३१अ नुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या न्यासाच्या विश्वस्तांनी हिशेबी वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना पुढील वर्षाच्या अपेक्षित जमाखर्चाचे अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाचे असते, आणि त्या अंदाजपत्रकात न्यासाची उद्दिष्टे पार पाडण्यासाठी पुरेशी तरतूद असावी अशी याच कलमाची अपेक्षा आहे. शाळा, ग्रंथालय किंवा मंदिर यांच्या बाबतीत ही तरतूद पुरेशी आहे की नाही हे रुपयांच्या आकड्यांवरून बऱ्याच अंशी कळते. अन्नछत्राचे तसे नाही, कारण त्याच्या जमेत रोकड आणि धान्य अशा दोन वेगळ्या गोष्टी येतात, त्याचा खर्च दररोज ठरल्या वेळी करावाच लागतो आणि त्याच्या श्रमाचा मोठा भाग विनावेतन असल्याने हिशेबात उमटतच नाही. त्यामुळे कागदावर शिल्लक दाखवणारे अन्नछत्र प्रत्यक्षात महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गॅसच्या टाकीसाठी उसनवारी करत असते. हा विरोधाभास कसा निर्माण होतो आणि अंदाजपत्रकाच्या रचनेत कोणते मर्यादित बदल केल्यास तो वेळीच दिसेल, हे या पत्रात मांडले आहे.

विवेचनासाठी मध्यम आकाराचे एक अन्नछत्र उदाहरणादाखल घेणे सोयीचे होईल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांना दररोज दुपारी ३०० ताटे विनामूल्य वाढणारे हे अन्नछत्र वर्षभर चालते आणि ताटात पोळी, भात, वरण आणि एक भाजी असते असे समजावे. एका प्रौढ माणसाच्या ताटाला कच्चा तांदूळ १०० ग्रॅम, गव्हाचे पीठ १०० ग्रॅम, तूरडाळ ४० ग्रॅम, भाजी १२० ग्रॅम आणि तेल १५ ग्रॅम हे प्रमाण धरता येते. शालेय पोषण आहारात उच्च प्राथमिक विद्यार्थ्यासाठी ठरलेले १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी हे प्रमाण लक्षात घेतले, तर प्रौढासाठीचे हे माप सढळ असले तरी उधळपट्टीचे नाही. यानुसार महिन्याच्या ९,००० ताटांना तांदूळ ९ क्विंटल, गहू ९ क्विंटल, तूरडाळ साडेतीन क्विंटलांहून थोडी अधिक, भाजी सुमारे ११ क्विंटल आणि तेल १३५ किलो लागते. पुढील सर्व दर समजुतीसाठी धरलेले आहेत आणि ते गावोगावी बदलतील. मात्र खर्चाच्या बाबींचे एकमेकांशी असलेले प्रमाण दरांइतके वेगाने बदलत नाही, आणि येथे त्या प्रमाणालाच महत्त्व आहे.

तांदूळ ४० रुपये, गहू ३० रुपये, तूरडाळ १२० रुपये, भाजी सरासरी ३५ रुपये आणि तेल १४० रुपये किलो धरले, दळणाचे किलोमागे ५ रुपये जोडले आणि मीठ, मसाला, गूळ, चिंच यांसाठी ताटामागे एक रुपया ठेवला, तर महिन्याचा शिधा १,७६,४०० रुपयांना पडतो. इंधनाला ३४,२०० रुपये लागतात. एक आचारी, दोन मदतनीस आणि अर्धवेळ पोळ्या करणाऱ्या तीन महिला यांचे वेतन ७३,००० रुपये, सेवेकरी न आल्यास बोलवाव्या लागणाऱ्या रोजंदारीच्या माणसांसाठी १२,००० रुपये आणि वीज, पाणी, साबण, भांड्यांची कल्हई व डागडुजी यांसाठी १८,००० रुपये धरल्यास एकूण मासिक खर्च ३,१३,६०० रुपये होतो. म्हणजे एक ताट सुमारे ३५ रुपयांना आणि अन्नछत्राचा एक दिवस सुमारे १०,४५० रुपयांना पडतो.

या बेरजेची आता वेगळ्या अंगाने विभागणी करून पाहणे आवश्यक आहे. देणगीदार पोत्याने आणून देतात ते तांदूळ, गहू आणि डाळ, आणि या तिन्हींची किंमत महिन्याला १,०६,२०० रुपये होते. उरलेले २,०७,४०० रुपये भाजी, तेल, मसाला, दळण, गॅस, वेतन आणि साफसफाई यांवर रोखीनेच खर्च करावे लागतात, कारण भाजी साठवता येत नाही, आणि गॅस किंवा मजुरी तर कोणी पोत्यात भरून आणून देत नाही. दुसऱ्या शब्दांत, वर्षाचे सगळे धान्य दानात मिळाले तरी ताटाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग रोखीनेच भागवावा लागतो. वस्तुरूप देणगी, म्हणजे पैशांऐवजी मालाच्या रूपाने आलेले दान, बाजारभावाने रुपयांत बदलून एकूण जमेत मिळवली की हा फरक नाहीसा होतो: जमा पुरेशी दिसते, शिल्लकही दिसते, पण ती शिल्लक कोठीघरात तांदळाच्या रूपाने पडून असते आणि तिच्यातून आचाऱ्याचा पगार देता येत नाही. उलट ज्या न्यासात धान्याची नोंदच होत नाही, तेथे ताटाचा खर्च २३ रुपये असल्याचा समज होतो आणि धान्याचे दान आटले त्या महिन्यात प्रत्येक ताटामागे जवळजवळ १२ रुपयांचा अनपेक्षित भार येतो.

कोठीघरातील धान्याचे मोजमापही रुपयांपेक्षा दिवसांत करणे अधिक उपयुक्त ठरते. वरील अन्नछत्रात तांदूळ १८ क्विंटल, गहू ९ क्विंटल आणि तूरडाळ ८४ किलो शिल्लक असेल, तर किमतीने हा साठा लाखाच्या वर जातो. परंतु तांदूळ ६० दिवसांचा, गहू ३० दिवसांचा आणि डाळ अवघ्या ७ दिवसांची आहे, म्हणून अन्नछत्राची खरी तयारी ७ दिवसांचीच आहे. दानात तांदूळ अधिक आणि डाळ कमी येणे स्वाभाविक आहे, कारण त्याच पैशात तांदळाचे पोते मोठे दिसते. जे सर्वांत आधी संपते त्याची नोंद सर्वांत वर असली, तर विश्वस्तांना देणगीदारांपुढे नेमकी मागणी ठेवता येते.

दानातील तांदळाची आणखी एक अडचण स्वयंपाकघराबाहेर फारशी माहीत नसते. चाळीस घरांतून पाच-पाच किलोंच्या पिशव्या आल्या की त्यांत कोलम, आंबेमोहोर, उकडा, नवा आणि जुना असे सर्व प्रकार एकत्र होतात, आणि प्रत्येकाला लागणारे पाणी व वेळ वेगळी असल्याने एकाच पातेल्यात भाताचा काही भाग गिच्च होतो आणि काही कणीदार राहतो. असा भात ताटात टाकला जातो आणि वाया गेलेल्या अन्नाचे कारण आचाऱ्याच्या माथी मारले जाते. म्हणून मिश्र तांदूळ आला की तो जातीनुसार वेगळा ठेवणे, निवडण्यात जाणारी ३ ते ५ टक्के तूट आधीच धरणे आणि वेगळा न करता येणारा तांदूळ खिचडीच्या दिवसासाठी राखणे, हे नियम कोठीघराच्या नोंदवहीतच लिहिलेले असले पाहिजेत.

खरेदीच्या वेळेला येथे महत्त्व आहे. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये आणि नवी तूर साधारण जानेवारीपासून बाजारात येते, त्यामुळे वर्षाचा गहू उन्हाळ्यात घेऊन, वाळवून, भिंतीपासून दूर लाकडी फळ्यांवर रचणे किफायतशीर असते. डाळीला मात्र भुंगा आणि तांदळाला सोंडे लवकर लागतात. दमट हवेत धान्यातील ओलावा वाढला की कीड झपाट्याने पसरते, आणि म्हणून पावसाळ्यात या दोन्हींचा दोन महिन्यांपेक्षा अधिक साठा करण्यातून झालेली बचत निवडण्याच्या मजुरीत आणि फेकलेल्या मालात निघून जाते. करामुळे पडणारा फरकही लक्षात घ्यावा लागतो: १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधलेल्या आणि छापील माहिती असलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्याच्या पिशव्यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तर त्याहून मोठ्या गोण्या त्यातून मोकळ्या राहिल्या. म्हणून ३० किंवा ५० किलोंच्या गोण्या घेणाऱ्या न्यासाला हा बोजा पडत नाही. एवढी मोठी खरेदी हंगामात करावयाची तर हंगामात रोकड हाती हवी, आणि अंदाजपत्रक महिनावार मांडले नसेल तर एप्रिलची ही मोठी गरज वर्षाच्या सरासरीत हरवून जाते.

इंधनाचा खर्च शिध्याच्या मानाने लहान असला तरी अन्नछत्राची शिस्त सर्वांत आधी तेथेच दिसते. वरील हिशेबात ताटामागे ४० ग्रॅम गॅस धरला आहे. त्याप्रमाणे १९ किलोंच्या व्यावसायिक टाकीत सुमारे ४७५ ताटे होतात आणि ३०० ताटांच्या अन्नछत्रात ती दीड दिवसाहून थोडी अधिक चालते. प्रत्येक टाकी लावल्याची तारीख व ती संपेपर्यंत वाढलेली ताटे लिहून ठेवली, तर ‘टाकीमागे ताटे’ हे एक साधे मोजमाप हाती येते. हा आकडा ४७५ वरून ४०० वर घसरला, तर कारण बहुधा ठरावीक असते: बर्नरची छिद्रे बुजून ज्योत पिवळी झालेली असते, डाळ पुरेशी भिजत न घालता चढवलेली असते, भाताच्या पातेल्यावर झाकण नसते, किंवा पोळ्या लाटून होईपर्यंत मोठा तवा रिकामाच तापत राहतो. भांड्यांची बुडे काळी होऊ लागणे ही ज्योत बिघडल्याची उघड खूण आहे. भावाच्या बाजूने पाहता घरगुती १४.२ किलोंची टाकी अन्नछत्रासाठी वापरता येत नाही, व्यावसायिक टाकीवर घरगुती टाकीच्या ५ टक्क्यांऐवजी १८ टक्के कर आहे आणि तिचा दर तेल कंपन्या साधारणपणे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतात, म्हणून वर्षभरासाठी एकच दर धरलेले अंदाजपत्रक काही महिन्यांतच चुकते. शिर्डीच्या साई प्रसादालयात सौर वाफेवर स्वयंपाकाची मोठी व्यवस्था उभी राहिली आहे, पण तिला लागणारी जागा आणि भांडवल ३०० ताटांच्या अन्नछत्राला पेलणारे नाही. त्याला तूर्त मोठे प्रेशर कुकर, घट्ट झाकणे आणि स्वच्छ बर्नर यांतूनच बचत साधावी लागते.

सेवेकऱ्यांचे श्रम विनावेतन असले तरी त्यांचे नियोजन विनाखर्च होत नाही. या अन्नछत्रात भाजी चिरायला ४ आणि वाढणे व आवरणे यांसाठी ८ असे १२ सेवेकरी प्रत्येकी तीन तास लागतात, म्हणजे दिवसाला ३६ श्रमतास होतात. रविवारी वीस जण येतात आणि मंगळवारी पाच, त्यामुळे आठवड्याची सरासरी ठीक दिसूनही मंगळवारी पंगत उशिरा बसते. परीक्षा, सुगी आणि गणेशोत्सव या काळात ही उणीव महिनाभर टिकते. ताटांची संख्या आणि वेळ पाळायची असेल तर उकळती पातेली उतरवणे, मोठी शेगडी सांभाळणे आणि रोजच्या ९०० ते १,००० पोळ्या करणे ही कामे वेतनावरच्या माणसांकडे असली पाहिजेत, आणि सेवेकऱ्यांकडे निवडणे, चिरणे, वाढणे, आवरणे ही कामे द्यावीत. उदाहरणातील १२,००० रुपये म्हणजे महिन्यातील सहा उणिवेच्या दिवशी प्रत्येकी ५०० रुपयांवर चार माणसांची तरतूद आहे. ती नसली की त्या दिवसांचा भार पोळ्या करणाऱ्या महिलांवर जादा मोबदल्याविना पडतो, आणि कमी वेतनावर काम करणाऱ्यांकडून सक्तीने घेतलेल्या श्रमाला दान म्हणता येत नाही.

देणगीच्या बाजूची सर्वांत मोठी चूक अन्नछत्राच्या दारावरील फलकावर लिहिलेली असते. ‘एका दिवसाचे अन्नदान’ या नावाने वाढदिवस, वर्षश्राद्ध किंवा पुण्यतिथीनिमित्त एक दिवस देणगीदाराच्या नावे करण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि त्याचा दर बहुतेक ठिकाणी केवळ शिध्यावरून ठरवलेला असतो. उदाहरणातील अन्नछत्रात एका दिवसाचा शिधा ५,८८० रुपयांचा आहे, म्हणून फलकावर ६,००० रुपये लिहिलेले असतील, तर पूर्ण खर्चाशी तुलना करता प्रत्येक ‘पूर्ण’ दिवसामागे सुमारे ४,४५० रुपये न्यासालाच अन्य मार्गाने उभे करावे लागतात. वर्षातील २०० दिवस असे भरले तर ही तूट जवळजवळ ९ लाख रुपयांवर जाते, आणि देणगीदारांची संख्या वाढेल तशी ती वाढत जाते. देणगीदाराची यात फसवणूक करण्याचा हेतू कोणाचाच नसतो, परंतु त्याला आपण संपूर्ण दिवस उचलला असे वाटते आणि न्यासाला त्याच्याकडे उरलेला वाटा मागता येत नाही. शिवाय पितृपक्ष, अक्षय्य तृतीया, गुरुपौर्णिमा आणि मार्चअखेर या काळात एकाच तारखेला अनेक देणगीदार येतात, तर इतर कित्येक तारखा कोऱ्या राहतात. पावतीवर ‘जादा रक्कम रिकाम्या दिवसांसाठी वापरली जाईल’ असे स्पष्ट लिहिले असेल, तरच ही रक्कम नि:संकोच तिकडे वळवता येते.

‘कायम अन्नदान ठेव’ हा याच चुकीचा अधिक दीर्घ परिणाम करणारा प्रकार आहे. यात देणगीदार एकदा रक्कम देतो, ती मुद्दल म्हणून राखली जाते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी ठरावीक तिथीला अन्नदान करण्याचे वचन न्यास देतो. एक लाख रुपयांवर साडेसहा टक्के व्याज मिळाले तर वर्षाला ६,५०० रुपये येतात, म्हणजे आजच्याच एका दिवसाच्या खर्चाचा सुमारे ६२ टक्के भाग भागतो. आणि खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला तर तो सुमारे बारा वर्षांत दुप्पट होऊन हेच व्याज एक-तृतीयांशाहूनही कमी भागाला पुरते. व्याजाचा आणि महागाईचा दर इतके जवळ असताना एक दिवस खरोखर कायमचा चालवायचा, तर त्यासाठी सुमारे २१ लाखांची मुद्दल लागेल. त्याऐवजी पाच वर्षांचे वचन दिले आणि मुद्दल व व्याज दोन्ही त्या काळात खर्च करण्याची मुभा ठेवली, तर सुमारे ५२ हजार रुपयांत एक दिवस पाच वर्षे पूर्णपणे भागतो. ही मुदत आयकर कायद्यात विशिष्ट हेतूसाठी उत्पन्न राखून ठेवण्याकरिता दिलेल्या पाच वर्षांच्या मर्यादेशीही जुळते. असे वचन लहान वाटते, पण ते पाळता येते.

या सर्व विवेचनावरून धर्मादाय आयुक्त कार्यालयाने अन्नछत्र चालवणाऱ्या न्यासांसाठी अंदाजपत्रकासोबत एका पानाचे पूरक विवरण मागवावे, अशी विनंती करण्यात येत आहे. त्यात तीन गोष्टी असाव्यात. पहिली, वस्तुरूप देणगीची नोंद किलोंमध्ये आणि रुपयांत, जमा व खर्च या दोन्ही बाजूंना, रोख रकमेपासून वेगळी करावी. दुसरी, इंधन, वेतन आणि सेवेकऱ्यांच्या बदली मजुरीसह एका ताटाचा व एका दिवसाचा पूर्ण खर्च दाखवावा आणि फलकावरील अन्नदानाचा दर त्याहून कमी असेल तर तो ‘अंशदान’ म्हणून जाहीर करावा. तिसरी, राखीव निधी दिवसांत सांगावा. उदाहरणातील अन्नछत्रासाठी ४५ दिवसांची रोख गरज म्हणजे सुमारे ३ लाख ११ हजार रुपये ही वाजवी मर्यादा ठरेल, कारण देणगीचा एक कोरडा महिना आणि हंगामी खरेदीचा काही भाग तीत सामावतो. एप्रिलपासूनच्या वर्षाचे अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर द्यावे लागत असल्याने नव्या गव्हाचा भाव तेव्हा कळलेला नसतो, म्हणून सप्टेंबरमध्ये हे पान सुधारून देण्याची मुभाही असावी.

या मागणीवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही आदराने विचारात घेण्यासारखे आहेत. लहान अन्नछत्रांना कागदपत्रांचा बोजा होईल, हा पहिला आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच विवरण एका पानाचे असावे व दररोज १०० ताटांपेक्षा कमी वाढणाऱ्यांना ते ऐच्छिक ठेवावे. श्रद्धेने चाललेल्या कार्याला इतका काटेकोर हिशेब लावू नये, हा दुसरा आक्षेप आहे. परंतु ज्या दिवशी गॅस किंवा डाळ संपल्यामुळे पंगत बसत नाही, त्या दिवशी त्याचा परिणाम विश्वस्तांवर किंवा देणगीदारांवर होत नाही. तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या, गावाहून आलेल्या आणि औषधांवर पैसे संपलेल्या नातेवाइकावर होतो, आणि त्याने त्या जेवणाच्या भरवशावर आपल्याजवळची रक्कम आधीच अन्यत्र खर्च केलेली असते. रोज अन्न देण्याचे आश्वासन एकदा दिले की समोरच्याचा दिवस त्यावर बेतला जातो, म्हणून ते किती दिवस पाळता येईल हे आधी मोजणे हा अन्नदानाच्या कर्तव्याचाच भाग आहे. आयुक्त कार्यालयाने हे पूरक विवरण पुढील हिशेबी वर्षाच्या अंदाजपत्रकांपासून लागू करावे आणि तत्पूर्वी काही निवडक अन्नछत्रांच्या विश्वस्तांना, आचाऱ्यांना व कोठीघर सांभाळणाऱ्यांना एकत्र बोलावून त्याचा नमुना निश्चित करावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे,

सार्वजनिक अन्नदानाच्या अर्थव्यवहाराचा एक अभ्यासक